दुखणं शून्य

स्वरूपाचं लग्न झालं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, आणि त्याआधीच एकदा पोलीस भरतीच्या मैदानावरून रिकाम्या हाताने परतली होती. तेव्हा तिने सराव असा केलाच नव्हता. गावाकडे, परभणीच्या बाजूला, मुलीने सडकेवरून पळावं असं वातावरण नव्हतं. आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत तिला धाप लागली, ती चालायला लागली आणि मागच्या मुली पुढे निघून गेल्या. हे तिने गणराजला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं. गणराज हसला नाही. त्यानेही दोनदा भरती दिली होती. मैदानात तो चांगला होता, लेखी परीक्षेत थोडक्यात राहिला, आणि मग वय निघून गेलं.

"तुझं वय आहे अजून," तो म्हणाला. "करू आपण."

पण करू म्हणता म्हणता चार वर्षं गेली. गणराज भोसरीत सीएनसी मशीन चालवायचा. स्वरूपा चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होती. सरकत्या बोर्डावर रंगीत वायरी ओवायच्या, क्लिपा बसवायच्या, टेप गुंडाळायची, सगळं उभ्याने. नोकरी कंत्राटी. काही महिने झाले की ब्रेक द्यायचे, पुन्हा नवं कार्ड काढून घ्यायचे. प्रत्येक ब्रेकला स्वरूपा म्हणायची, की वर्दी मिळाली तर हे कार्डाचं झंझट संपेल. मूलबाळही त्यानंतरच, असं दोघांचं ठरलं होतं. गावाकडून फोन आला की ती हा विषय बाजूला सारायची.

जुन्या सांगवीत सुमनताईंच्या वरच्या खोलीत दोघं भाड्याने राहत. सुमनताई मूळच्या इथल्याच, शेती होती तेव्हापासूनच्या. नवरा गेलेला, मुलगा पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत राहायला गेलेला. खाली त्या एकट्याच असत.

जाहिरात निघणार अशी बातमी आली तेव्हा स्वरूपाच्या वयाला बसणारी ही शेवटचीच भरती होती. गणराजने त्याच रविवारी तिच्या फोनवर आणि स्वतःच्या फोनवर एक अ‍ॅप घेतलं. त्यात शिकवणाऱ्याने आठवड्याचा बेत मांडायचा, करणाऱ्याने केलेलं नोंदवायचं. रविवारी सकाळी दोघांच्या फोनवर येत्या आठवड्याचा बेत येई, आणि ज्या त्या दिवशी दुपारी त्या दिवसाची आठवण.

"बघ," तो तिला दाखवत म्हणाला. "एकदम अंगावर घ्यायचं नाही. या आठवड्यात जेवढं पळलीस त्याचा दहावा हिस्सा पुढच्या आठवड्यात वाढणार. तीन आठवडे चढायचं, चौथा हलका ठेवायचा. अंगाला भरून यायला वेळ लागतो."

"आणि मला जमलं नाही तर?"

"तर नोंद अर्धी राहील. अर्धी राहिली की अ‍ॅप तोच आठवडा पुन्हा देतं. डंबेलचंही तसंच. सगळे सेट झाले तरच वजन एक पायरी वर."

नोंदीच्या तळाशी एक प्रश्न असे : दुखणं किती? शून्यापासून दहापर्यंत. तीनच्या वर आकडा गेला तर अ‍ॅप दुसऱ्या दिवशीची धाव काढून टाकी. हा प्रश्न गणराजनेच चालू ठेवला होता. मैदानावर त्याने चांगली पोरं लंगडी होताना पाहिली होती.

त्या दोघांचं एकमेकांशी बोलणंही हळूहळू त्या अ‍ॅपमधून होऊ लागलं. स्वरूपा पहिल्या शिफ्टला. पहाटे कंपनीची बस पकडायला ती निघे तेव्हा गणराज झोपलेला असे. तो दुसऱ्या शिफ्टला. ती संध्याकाळी परते तेव्हा तो मशीनवर असे, आणि तो घरी येई तेव्हा ती झोपलेली. सुट्टी तिची रविवारी, त्याची गुरुवारी. रविवारी सकाळ तेवढी एकत्र, तीही त्याच्या डब्याची वेळ होईपर्यंत.

संध्याकाळी ती बसमधून उतरली की घरी पिशवी टाकायची, बूट घालायचे आणि नव्या सांगवीच्या मैदानावर जायचं. सुरुवातीला एक फेरी पळायची, एक चालायची. मग चारशे मीटरचे तुकडे, मध्ये ठरलेला आराम. दोन दिवस घरीच डंबेल घेऊन बैठका आणि खांद्याचे व्यायाम, गोळाफेकीसाठी. एक दिवस नुसतं सावकाश पळणं, बोलता येईल इतकं सावकाश. झाल्यावर ती कट्ट्यावर बसून सगळं नोंदवी. भोसरीत चहाच्या सुट्टीत गणराजचा फोन वाजे. तो नोंद वाचून लिही, "शाब्बास." कधी लिही, "शेवटचा तुकडा सगळ्यात वेगात कसा काय?" ती लिही, "कुत्रं मागे लागलं होतं."

या आकड्यांचा तिच्यावर परिणाम झाला हे लाइनवरच्या बायकांनाही दिसलं. तिच्या शेजारी उभी राहणारी करिष्मा तिला म्हणाली, "तू आजकाल जिना चढताना गुणगुणतेस." आठशे मीटरला सुरुवातीला चार मिनिटांच्या वर लागत. मग वेळ चारच्या आत आली. मग साडेतीन. अडीच महिन्यांनी एका संध्याकाळी तिने तीन मिनिटं पाच सेकंदांत अंतर काढलं. पूर्ण गुणांना दोन मिनिटं पन्नास सेकंद लागत. गणराजने त्या दिवशी शाब्बास लिहिलं नाही, थेट फोन केला. मशीनच्या आवाजात त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तरी ती ऐकत राहिली.

नडगी दुखायला लागली ती त्यानंतर. कंपनीत नव्या गाडीचं काम आलं आणि लाइन बारा तासांची झाली. तरुण बायका चार तास जादा थांबू लागल्या, नाही म्हणणारीचं कार्ड पुढच्या वेळी निघेल याची खात्री नसे. स्वरूपाही थांबायची. सिमेंटच्या फरशीवर बारा तास उभं राहून ती उजेड जाता जाता मैदानावर पोहोचायची. पहिल्यांदा उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर चारेक बोटं, पळून झाल्यावर ठणकलं. तिने इमानाने लिहिलं : चार.

अ‍ॅपने दुसऱ्या दिवशीची धाव काढली. आठवडा अर्धा राहिला, म्हणून रविवारी तोच आठवडा पुन्हा आला. गणराज तिच्या शेजारी बसून फोनकडे बघत होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "दुखतंय तर थांबायचंच." आणि मग बोटांवर आठवडे मोजायला लागला. मोजून झाल्यावर उठून डबा भरायला गेला.

त्या मोजण्याने तिच्या मनात घर केलं. मैदानी चाचणीला साधारण किती आठवडे उरले ते तिलाही ठाऊक होतं. असा एक आठवडा मागे राहिला, मग दुसरा राहिला, तर दोन पन्नास कुठून येणार? दोन दिवसांच्या विश्रांतीने पाय थोडा बरा वाटला होता. पुढच्या मंगळवारी तो पुन्हा ठणकला तेव्हा कट्ट्यावर बसून तिने सगळे तुकडे नोंदवले, वेळा नोंदवल्या, आणि तळाच्या प्रश्नापुढे शून्य लिहिलं. थोड्या वेळाने फोनवर शाब्बास आलं.

त्यानंतर ती रोजच शून्य लिहू लागली. वेळा खऱ्या होत्या, अंतर खरं होतं. त्यात ती एका मीटरचीही लबाडी करत नव्हती. फक्त तो एक आकडा खोटा होता. आणि नोंद पूर्ण, दुखणं शून्य, म्हणून अ‍ॅप दर रविवारी दहावा हिस्सा वाढवत गेलं. अ‍ॅपला फरशीवरचे बारा तास माहीत नव्हते. ते कुणी त्यात मांडलेच नव्हते.

पुढे पळतानाही दुखायला लागलं. मग सकाळी बिछान्यातून पाय खाली टाकताना. एके दिवशी ती भिंतीला धरून जिना चढत होती, ते सुमनताईंनी पाहिलं.

"काय गं, पाय धरलाय व्हय?"

"थोडा. उभं राहून."

सुमनताईंनी तिला खाली बसवलं, तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधलं आणि नडगी शेकली. एका जागी बोट लागल्यावर स्वरूपाने ओठ चावला.

"ह्ये शेकून जायचं दुखणं न्हाई," सुमनताई म्हणाल्या. "बोटाएवढ्याच जागी हाय बघ. गणराजला सांगितलंस का?"

"सांगते."

"कवा सांगतीस? त्यो झोपलेला अस्तो तवा?"

स्वरूपा भिंतीला धरून उठली. रविवारी सांगायचं असं तिने खरोखरच ठरवलं होतं. पण शनिवारी मैदानी चाचणीच्या तारखा लागल्या आणि त्या त्यांच्या अंदाजाच्या आधीच्या निघाल्या. तिचा नंबर शेजारच्या जिल्ह्यात, पाच आठवड्यांवर.

रविवारी गणराज पहाटेच उठून बसला होता. ती उठली तेव्हा त्याने चहा केलेला होता.

"मध्ये एक हलका आठवडा येतो," तो म्हणाला. "तो काढून टाकला तर आपण वेळेत पोहोचतो. शेवटचा तेवढा हलका ठेवू, मैदानाच्या आधीचा." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "मी हे करायला नको खरं तर. पाय कसा आहे तुझा?"

"बरा आहे."

"नक्की ना? नोंदीत शून्यच दिसतंय."

"बरा आहे म्हटलं ना."

त्याने हलका आठवडा खोडला. ती चहा प्यायली. पुढे बऱ्याच दिवसांनी ती करिष्माला म्हणाली, की त्याने आणखी एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. आणि लगेच म्हणाली, की नाही, तरीही नसतं सांगितलं. तो इतक्या वर्षांनी पहाटे उठून कशाची तरी वाट बघत बसला होता.

त्या पाच आठवड्यांत तिने आठशे मीटर दोन अठ्ठावन्नमध्ये काढले. मैदानाआधीच्या हलक्या आठवड्यात दुखणं थोडं उतरलं आणि तिला वाटलं, निभावेल.

मैदानाच्या दिवशी गणराज रजा घेऊन बरोबर गेला. आत उमेदवारांनाच सोडत, म्हणून तो बाहेर रस्त्यापलीकडे इतर नवऱ्यांबरोबर, बापांबरोबर, भावांबरोबर उभा राहिला. स्वरूपाचा गोळा चांगला गेला. शंभर मीटरही बरे झाले, फक्त थांबताना उजव्या पायावर भार टाकता आला नाही. आठशे मीटरच्या आधी प्रत्येकीच्या पायाला वेळ मोजणारी चिप बांधली. बांधणारी महिला पोलीस म्हणाली, "घट्ट नाही ना झाली?" स्वरूपाने मान हलवली.

पहिल्या फेरीत ती दुसरी होती. दुसऱ्या फेरीचं वळण संपून सरळ वाट लागली तिथे तिला पायातून ओली काडी मोडल्यासारखा आवाज आला. दुखणं त्या क्षणी जाणवलंच नाही, असं ती सांगते. पुढचं पाऊल टाकायला गेली आणि खाली पाय नव्हता. ती कोपरांवर पडली. समोर शेवटची रेघ दिसत होती. दोन मुली तिला ओलांडून गेल्या. तिसरी थबकली, मग तीही गेली. स्वरूपाने हातांवर पुढे सरकून पाहिलं, पण चिप बांधणारी पोलीस बाई धावत आली आणि तिला खांद्याला धरून म्हणाली, "राहू दे, बाळा. राहू दे आता."

फाटकाबाहेर रुग्णवाहिका आली तेव्हा गणराजने आत कोण आहे ते वाकून पाहिलं, सगळेच पाहत होते तसं. तो आत चढला. तिच्या पायाला पुठ्ठा बांधलेला होता.  मग ती म्हणाली,

"मी शून्य लिहीत होते."

"काय?"

"दुखणं. रोज दुखत होतं. मी शून्य लिहीत होते."

गणराज खाली पुठ्ठ्याकडे बघत राहिला. त्याने तिचा हात धरलेला होता. तो त्याने दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

हाडाला आधी बारीक चीर गेलेली असणार, असं नंतर पिंपरीला आणून ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हाच थांबली असती तर दोन-तीन महिन्यांच्या विश्रांतीवर भागलं असतं. त्यांनी गणराजला व्यायामाचा बेत विचारला. त्याने अ‍ॅप उघडून दाखवलं. डॉक्टरांनी पाहिलं, वाढ बेताचीच आहे म्हणाले, मग विचारलं, "काम काय करतात या? उभ्याने किती तास?" गणराजने सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि फोन परत दिला. त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. गणराज बाहेर येऊन जिन्यात बसला तो सुमनताईंनी हाक मारेपर्यंत उठला नाही.

नडगीत सळई घालून स्वरूपाला घरी आणलं. वरचा जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून सुमनताईंनी खालची पुढची खोली दिली. चाकणचं कार्ड संपलं, नवं काही निघालं नाही. पहिल्या रविवारी सकाळी दोघं तिथे बसले असताना दोन्ही फोन एकदम वाजले. गणराज बेत बंद करायला विसरला होता. आणि मैदानाच्या आदल्या दिवसापर्यंतची नोंद पूर्ण होती, तळाशी शून्य होतं. अ‍ॅपने पुढच्या आठवड्याचं अंतर वाढवून पाठवलं होतं.

गणराजने तिच्या हातातून फोन घेतला. त्याने बेत काढून टाकला, मग नोंदी काढून टाकल्या, मग दोन्ही फोनवरून अ‍ॅपच काढून टाकलं. हे सगळं त्याने तिच्यासमोर, तिच्याकडे न बघता केलं.

"झालं," तो म्हणाला. "आता नको ते डोळ्यांसमोर."

"सगळं काढलंस?"

"हो."

"दोन अठ्ठावन्नसुद्धा?"

तेव्हा त्याला कळलं आपण काय केलं ते. पुन्हा अ‍ॅप घेऊन काही परत मिळतं का ते त्याने पाहिलं. मिळालं नाही.

"पाय मोडला त्याचं मी तुला काही म्हणाले नाही," स्वरूपा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "म्हणणारही नाही. खोटं मी लिहिलं. पण ते पळणं माझं होतं, गणराज. ते तू मला न विचारता पुसलंस."

"मला वाटलं तुला त्रास होईल."

"मलाही तसंच वाटत होतं. रोज. म्हणून तर शून्य लिहायचे."

नंतरचे काही महिने दोघं जपून बोलायचे. जेवलीस का, औषध घेतलंस का, कुबडी इकडे ठेवू का. गणराजने मोठ्या खटपटीने सकाळची पाळी मागून घेतली, त्यामुळे त्याला मशीन सोडून स्टोअरमध्ये काम करावं लागलं. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं रोज संध्याकाळी एका खोलीत असत, आणि बोलायला काही सापडत नसे. एका संध्याकाळी तो हुंदका आवरता न येऊन बाहेर ओट्यावर गेला. सुमनताई तिथे कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी नुसती अर्धी जुडी त्याच्यापुढे सरकवली, आणि तो निवडत बसला.

हाड सावकाश जुळलं. फिजिओथेरपीला जाऊ लागल्यावर तिथल्या बाईंनी चालण्याचा तक्ता दिला : आधी पायावर थोडाच भार, मग अर्धा, मग पूर्ण, चालणं दर आठवड्याला थोडं जास्त. गणराज म्हणाला, "मी लिहीत जाऊ?"

"नको," ती म्हणाली. "लिहिणार मीच. तू विचारत जा."

मग तो विचारायचा. पहिल्यांदा त्याला नीट विचारता यायचं नाही आणि तिला नीट सांगता यायचं नाही. "दुखतंय का?" "नाही." थोडं थांबून, "आहे. थोडं." तेवढ्याने त्या दिवशी चालणं बंद व्हायचं. कधी ती चिडायची, की इतकं काही नाहीये. तरीही तो चप्पल काढून ठेवायचा.

पुढची जाहिरात निघाली तोवर तिचं वय उलटून गेलं होतं. ती बातमी तिला करिष्माकडून कळली. त्या रात्री ती जेवली नाही आणि गणराजने आग्रह केला नाही. सकाळी त्याला जाग आली तर ती खिडकीशी उभी राहून केस विंचरत होती.

आता ती चाकणलाच दुसऱ्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर बसून काम करते. कार्ड अजून कंत्राटीच आहे. पळणं तिने पुन्हा धरलं नाही. डॉक्टरांची तशी मनाई नाही, पण बूट घालून ती नाडी बांधते आणि पुन्हा सोडते. मूल व्हावं म्हणून दोघं आता दवाखान्यात जातात. त्याचं अजून काही झालेलं नाही. थंडीत सळईच्या जागी ठणका लागतो. तसा लागला की ती बसमध्येच गणराजला फोन करते आणि सांगते. तो कासारवाडीच्या स्टॉपवर स्कूटर घेऊन येतो, आणि ती मागे बसेपर्यंत एक पाय जमिनीवर टेकवून थांबतो.